कॉलवर चुकीचा आकडा जाताना दिसत होता, चॅटमध्ये लिहिलंही, तरी पोचलं नाही. कुठे चुकलं?

पाऊलवाट
नमस्कार. मला नोकरीला लागून पाच महिने झालेत. टीममध्ये सगळ्यांत ज्युनियर मीच. गेल्या आठवड्यात एका व्हिडिओ कॉलवर जे झालं ते डोक्यातून जात नाहीये. घडलं तसं सांगते, कुठे काय करायला हवं होतं ते सांगा.

क्लायंटच्या जुन्या सिस्टीममधला डेटा नव्या सिस्टीममध्ये हलवायचं काम आहे. डेटाचे दोन लॉट आहेत. पहिल्या लॉटची ट्रायल मीच चालवली होती, तिला ४ दिवस लागले. दुसऱ्याला अंदाजे ५ लागतील. दोन्ही एकाच सर्व्हरवर चालतात, त्यामुळे एकामागून एकच करावे लागतात. म्हणजे एकूण ९.

कॉल झूमवर होता, ११ ते ११:४५. आमचे सहा जण आणि क्लायंटकडचे दोघे, त्यातले मोठे साहेब उशिरा येणार होते. आमच्या टीमलीड मॅडम स्लाइड दाखवत होत्या. ११:१६ ला स्लाइड आली, तिच्यावर लिहिलं होतं ‘डेटा स्थलांतर: ४ दिवस’. माझ्या पोटात गोळा आला. मधे बोलणं बरं दिसणार नाही म्हणून ११:१७ ला चॅटमध्ये सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, ‘मॅडम, ते ४ दिवस फक्त पहिल्या लॉटचे आहेत.’ मिनिटभरात आमच्याच एका सहकाऱ्याने त्यावर अंगठा दिला. मला वाटलं, पोचलं. ११:२० ला मोठे साहेब आले. ११:२४ ला ते म्हणाले, ‘म्हणजे गुरुवारी संध्याकाळी जुनी सिस्टीम बंद केली की मंगळवारी सकाळी नवीवर काम सुरू. मग आम्ही आमच्या लोकांना तसं कळवतो.’ मॅडम ‘हो’ म्हणाल्या.

शेवटी ११:४३ ला मॅडमनी विचारलं, ‘अजून कोणाला काही?’ मी स्पेसबार दाबून धरला (तसं केलं की तेवढ्यापुरता माइक चालू होतो) आणि बोलले. पूर्ण वाक्य बोलले. कोणीच काही म्हणालं नाही. दोन-तीन सेकंदांनी मॅडम म्हणाल्या, ‘चला, मग भेटू,’ आणि कॉल बंद.

नंतर मी फोन केला. मॅडम रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, ‘तू होतीस ना तिथे? बोलली का नाहीस?’ दुसऱ्या दिवशी त्यांना क्लायंटला दुरुस्तीची मेल पाठवावी लागली. तोवर तिकडे तारखा कळवून झाल्या होत्या.

मी लिहिलं होतं आणि बोललेही होते. तरी ‘बोलली का नाहीस’ हेच ऐकावं लागलं.

उंबरठा
तुमचं काही चुकलेलं नाही. ज्युनियर माणसाने चॅटमध्येच लिहावं, हीच रीत आहे. वरिष्ठ बोलत असताना मधे तोंड घालू नये, आणि क्लायंटसमोर तर नाहीच. लिहिलेलं नोंदीत राहतं, उद्या कोणी विचारलं तर दाखवता येतं. मॅडमनी चॅट पाहिलं नाही ही त्यांची चूक. पुढच्या वेळीही असंच करा, फक्त दोनदा लिहा.

घडीचा_कागद
माझंही अगदी असंच व्हायचं. मी बोलायचो आणि समोरून ‘आवाज येत नाही’. महिनाभर झूमला दोष दिला. शेवटी लक्षात आलं, माझ्या हेडफोनच्या वायरवर एक छोटं बटण आहे, तेही म्यूटचं. स्क्रीनवर माइक चालू दिसायचा आणि वायरवर बंद. स्क्रीनवरच्या खुणेवर विसंबून राहू नका. तुमचाही हेडफोन तपासा. नवीन घ्यायचा असेल तर बटण नसलेला घ्या.

मधली_सुट्टी
मी टीमलीड आहे, दुसऱ्या बाजूने लिहिते.

उंबरठा, स्लाइड दाखवणाऱ्याला चॅट दिसत नाही. ‘पाहिलं नाही’ म्हणजे दुर्लक्ष केलं असं नसतं. मी लॅपटॉपच्या एकाच स्क्रीनवर काम करते. स्लाइड पूर्ण स्क्रीनभर लावल्या की माझ्यासमोर फक्त स्लाइड उरते. लोकांचे चेहरे एका छोट्या पट्टीत, चॅट एका मेन्यूच्या आत. नवीन मेसेज आल्याची खूण दिसली तरी ती कसली आहे ते कळत नाही, आणि आठ जणांसमोर बोलताना ती उघडून बघायला हात जात नाही. चॅटमधले आकडे मला बहुतेक वेळा कॉल संपल्यावर दिसतात.

पाऊलवाट, तुझ्या मॅडम ‘बोलली का नाहीस’ म्हणाल्या, कारण त्यांच्या दृष्टीने तू खरंच बोलली नव्हतीस. हे अन्यायाचं वाटेल, पण त्या खोटं बोलत नव्हत्या.

पाऊलवाट
@घडीचा_कागद, माझा हेडफोन साधा आहे, त्याला म्यूटचं बटण नाही. त्याच कॉलच्या सुरुवातीला हजेरी घेताना मी बोलले होते, तेव्हा आवाज नीट गेला होता.

@मधली_सुट्टी, हे मला ठाऊकच नव्हतं. मी अजून कधी स्लाइड दाखवलेल्या नाहीत. मला वाटायचं, चॅट सगळ्यांना सारखंच दिसतं.

सुतारपक्षी
बारा वर्षं वेगवेगळ्या टीमचे कॉल चालवतोय, त्याआधी याच प्रकारच्या सॉफ्टवेअरच्या सपोर्टला होतो. तुमच्या हकिगतीत तीन वेगळ्या गोष्टी मोडल्या आहेत. आधी शेवटची बघू, कारण तिचं कारण सापडण्यासारखं आहे.

११:४३ ला स्पेसबार दाबलात तेव्हा चॅटची चौकट उघडी होती का? आणि शेवटचं क्लिक कुठे केलं होतंत?

पाऊलवाट
चॅट उघडंच होतं. कोणी उत्तर देतंय का ते बघत होते. ११:४० च्या सुमारास अजून एक मेसेज लिहायला घेतला होता, मग पुसला. तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं, कॉल संपताना त्या चौकटीतला कर्सर मधेच कुठेतरी उजवीकडे लुकलुकत होता. मला ते विचित्र वाटलं होतं.

सुतारपक्षी
तेच झालंय. कर्सर लिहायच्या चौकटीत असला की स्पेसबार हा फक्त स्पेसबार असतो. तुम्ही तो धरून ठेवलात आणि चौकटीत रिकाम्या जागा टाइप होत गेल्या. माइक बंदच राहिला. स्पेसबारने बोलायचं असेल तर आधी मीटिंगच्या मुख्य खिडकीत क्लिक करावं लागतं. दुसरी कुठली खिडकी समोर असेल, एखादी शीट उघडलेली असेल, तरी तो चालत नाही.

आज एकटीच एक मीटिंग सुरू करा आणि करून बघा. चॅटमध्ये कर्सर ठेवून स्पेस दाबा, मग बाहेर क्लिक करून दाबा. माइकची खूण बदलते की नाही ते डोळ्यांनी पाहा.

महत्त्वाचं वाक्य मी स्पेसबारवर कधीच टाकत नाही. बोट सुटलं की वाक्य तुटतं. सरळ माइक चालू करावा, बोलावं, बंद करावा. विंडोजवर झूममध्ये `Alt+A`, टीम्समध्ये `Ctrl+Shift+M`, मीटमध्ये `Ctrl+D`. आणि दाबल्यावर खूण बदललेली पाहूनच तोंड उघडावं. घडीचा_कागद यांचा सल्ला या ठिकाणी लागू नव्हता, पण त्यांनी सांगितलेला दोष खरा आहे. म्यूट दोन ठिकाणी असू शकतो, आणि हेडफोनवरचा म्यूट सॉफ्टवेअरला कळेलच असं नाही.

पाऊलवाट
आत्ताच करून पाहिलं. अगदी तसंच होतंय. चौकटीत कर्सर असला की नुसत्या स्पेस पडतात. बाहेर क्लिक केलं की माइक चालू होतो. म्हणजे मी ते सगळं वाक्य बंद माइकमध्ये बोलले होते.

रडू येतंय, पण निदान कारण तरी कळलं. उरलेल्या दोन गोष्टी सांगाल का?

सुतारपक्षी
दुसरी गोष्ट तो अंगठा. तुमच्या सहकाऱ्याने ‘वाचलं, बरोबर आहे’ एवढ्याच अर्थाने दिला असणार. तुम्ही त्याचा अर्थ ‘मॅडमपर्यंत पोचलं’ असा लावलात. कदाचित त्यालाही वाटलं असेल की आता ही बोलेल. दोघंही एकमेकांकडे बघत राहिलात. दुरुस्ती पोचली असं कधी धरायचं? जो आकडा बोलतोय त्याने बदललेला आकडा तोंडाने उच्चारला की. तोपर्यंत ती वाटेतच आहे असं समजा.

त्यात भर म्हणजे मोठे साहेब ११:२० ला आले. झूमच्या साध्या मीटिंग-चॅटमध्ये आपण येण्याआधीचे मेसेज दिसत नाहीत. तुमचा मेसेज ११:१७ चा. निर्णय ज्यांनी घेतला त्यांच्या चॅटमध्ये तो नव्हताच. टीम्समध्ये चॅट मीटिंगच्या आधी आणि नंतरही राहतं, तिथे गोष्ट थोडी वेगळी. पण तिथेही लिहिलेलं असणं आणि कोणी वाचलेलं असणं यात अंतर आहेच.

तिसरी गोष्ट कधी बोलायचं ही, आणि तीच सगळ्यांत मोठी. साहेबांचं ११:२४ चं वाक्य तुम्ही जसंच्या तसं दिलंत हे फार बरं केलंत. ते वाक्य ‘म्हणजे’ने सुरू होतं, आणि पुढचं ‘मग’ने. कॉलवर हे दोन शब्द कान देऊन ऐकत जा. ‘म्हणजे गुरुवारी’, ‘मग आम्ही कळवतो’, ‘म्हणजे हे ठरलं’. स्लाइडवरचा आकडा तोवर नुसती माहिती असतो. ‘म्हणजे’ आणि ‘मग’ आले की त्याचा निर्णय होत असतो. ११:१६ ला मधे न बोलणं चालून गेलं असतं. तेव्हा चॅटमध्ये लिहिणंही योग्यच होतं, मॅडम पुढच्या स्लाइडवर दुरुस्त करू शकल्या असत्या. पण साहेबांनी ‘म्हणजे’ म्हटल्यापासून मॅडमनी ‘हो’ म्हणेपर्यंतचे चार-पाच सेकंद तुमचे होते. त्या वेळी बोलणं म्हणजे मधे तोंड घालणं नव्हे.

आणि त्या चार-पाच सेकंदांत बोलायचं तर माइक आधीच चालू लागतो.

उंबरठा
चार-पाच सेकंदांत ज्युनियरने क्लायंटला अडवायचं? हे पुस्तकात ठीक. मला नाही पटत. आणि माइक आधीच चालू ठेवायचा तर मग म्यूटचा नियम कशाला? सगळीकडे सांगतात, बोलत नसाल तेव्हा म्यूट.

सुतारपक्षी
म्यूटचा नियम बरोबरच आहे. कीबोर्डची खटखट, पंखा, खुर्ची सरकवल्याचा आवाज, यांतला कुठलाही आवाज मोठा झाला की सॉफ्टवेअरला वाटतं तुम्हीच बोलताय, आणि सगळ्यांच्या स्क्रीनवर तुमची चौकट पुढे येते. एकाच खोलीत दोन लॅपटॉप कॉलवर असतील आणि दोन्हींचे माइक-स्पीकर चालू असतील तर शिट्टी वाजते. एरवी म्यूटच राहावं. फक्त म्यूट काढायची वेळ आणि बोलायची वेळ एकच नसावी. बोलायच्या पाच-दहा सेकंद आधी काढावं.

कारण सांगतो. समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी २०० मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. २००९ साली दहा भाषांच्या संभाषणांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भाषाभाषांत थोडा फरक दिसला, पण सगळीकडे हा काळ याच्या आसपासच होता. आपल्या कानाला एवढ्याच शांततेची सवय आहे.

आता कॉलवर या. आवाज एका बाजूने दुसऱ्या बाजूला पोचायला वेळ लागतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बोलण्याला खुपत नाही असं धरलंय, आणि ४०० च्या वरचा नको असं म्हटलंय. आपण चांगलं कनेक्शन धरू, १५०. मॅडमनी बोलणं थांबवलं. ते थांबणं तुमच्या कानावर १५० नंतर आलं. तुम्ही नेहमीसारखे २०० घेऊन बोलायला सुरुवात केलीत, झाले ३५०. तुमचा आवाज त्यांच्याकडे पोचायला आणखी १५०. म्हणजे मॅडमना पूर्ण अर्धा सेकंद शांतता ऐकू आली, रोजच्या सवयीच्या अडीचपट. त्यांना वाटणार, कोणाला काही बोलायचं नाही. त्या पुढे सुरू करतात आणि तुमचा आवाज नेमका त्यांच्या बोलण्यावर आदळतो. मग दोघंही थांबता, दोघंही ‘बोला, बोला’ म्हणता.

हा हिशेब माइक आधीच चालू असताना आहे. म्यूट काढायला माउस शोधण्यात एक-दीड सेकंद सहज जातो. तेवढ्यात पुढची स्लाइड आलेली असते. ज्युनियर मंडळी ‘मला बोलायला मिळतच नाही’ म्हणतात, त्यात संकोच असतो हे खरं, पण बरेचदा हा दीड सेकंदही असतो.

मधली_सुट्टी
हा हिशेब वाचून माझीच एक सवय टोचली. ‘कोणाला काही?’ विचारून मी दोन सेकंद थांबते आणि मला वाटतं फार थांबले. आता मनात सातपर्यंत मोजून बघणार आहे.

पाऊलवाट, सुरुवातीच्या शब्दांबद्दल एक सांगते. गोंगाट गाळणारी जी सोय असते ती कधीकधी पहिलं अक्षर खाऊन टाकते, हळू सुरुवात केली तर जास्तच. म्हणून मुद्दा पहिल्या शब्दात ठेवू नको. आधी समोरच्याचं नाव आणि तुझं नाव, मग मुद्दा. ‘मॅडम, मी अमुक बोलतेय, चार दिवसांबद्दल.’ एवढं बोलेपर्यंत सगळे थांबतात आणि मॅडमना विषयही कळतो. मग थांबायचं. त्या ‘हां, बोल’ म्हणाल्या की पुढचं. माझ्या टीममध्ये एक मुलगा ‘सॉरी, मला वाटतं, म्हणजे कदाचित, मी चुकत असेन, पण’ इथून सुरुवात करतो, आणि ‘पण’ येईपर्यंत लोक पुढे गेलेले असतात.

ओंजळ
मीही नवीनच आहे. मी या भीतीने सगळ्यांना न लिहिता फक्त लीडना खाजगी मेसेज करते. तेही अंगाशी आलं. एकदा मी लीडना खाजगीत लिहिलं, ‘सर, हा मुद्दा त्यांना आत्ता सांगू नका, तो बग अजून सुटलेला नाही.’ तो सगळ्यांना गेला. त्याआधी कोणीतरी लिंक मागितली होती म्हणून मी `Everyone` निवडून ती टाकली होती, आणि नंतर ते बदलायचं राहून गेलं. क्लायंटने वाचलं. सर नंतर शांतपणे म्हणाले, खाजगी बोलायचं ते मीटिंगच्या चॅटमध्ये बोलूच नये. तेव्हापासून मी चॅटला हातच लावत नाही.

सुतारपक्षी
ओंजळ, तुमचे सर बरोबर आहेत. कोणाला पाठवायचं त्याची निवड मागच्या मेसेजची तशीच राहते आणि घाईत ती पट्टी कोणी वाचत नाही. क्लायंट कॉलवर असताना आतल्या गोष्टींसाठी वेगळा मार्ग हवा. टीमचा नेहमीचा ग्रुप, ज्यात बाहेरचा माणूस मुळातच नाही. तिथे हात चुकला तरी मेसेज घरातच राहतो. फक्त एक लक्षात ठेवा, लीड पूर्ण स्क्रीन दाखवत असतील तर त्या मेसेजची खिडकी कोपऱ्यात उगवते आणि ती सगळ्यांना दिसते. म्हणून तिथेही ‘चार दिवस, दुसरा लॉट धरलेला नाही’ असं कोरडं लिहावं. क्लायंटने वाचलं तरी लाज वाटू नये असं.

पण चॅट सोडून देऊ नका. लिंक, फाइलचं नाव, नीट लिहून घ्यायचा आकडा, कोणी विचारलेल्या साध्या प्रश्नाचं उत्तर, हे सगळं चॅटमध्येच चांगलं. तोंडाने सांगितलेली लिंक कोणाला लिहून घेता येत नाही.

नांगर
मी क्लायंटच्या बाजूला बसणारा माणूस आहे, म्हणून सांगतो. समोरच्या टीममधली एक नवीन मुलगी मधेच म्हणाली की ‘चार नाही, नऊ दिवस’, तर मला दोन गोष्टी कळतात. एक, आकडा नऊ आहे. दोन, यांच्या लीडला स्वतःच्या कामाचा आकडा ठाऊक नाही. दुसरी गोष्ट मला कळू नये असं त्या लीडला वाटणं चूक आहे का? माझ्या मते पाऊलवाट यांनी फोन करायला हवा होता, कॉल चालू असतानाच, मॅडमना नाही तर टीममधल्या दुसऱ्या सीनियरला. तो बोलला असता तर एवढं खटकलं नसतं.

मधली_सुट्टी
@नांगर, सीनियरकडून बोलवून घेणं हा चांगला मार्ग आहे, आणि अंगठा देणारा होताच की. त्यालाच ‘तुम्ही बोलता का, की मी बोलू?’ असं विचारता आलं असतं. पण मी लीड म्हणून सांगते, दुसऱ्या दिवशी दुरुस्तीची मेल पाठवण्यापेक्षा कॉलवर ज्युनियरने टोकलेलं मला दहा वेळा चालेल. मेलमध्येही तुम्हाला तेच कळलं असतं की लीडला आकडा ठाऊक नव्हता, वर तारखा फिरवाव्या लागल्या त्या वेगळ्या.

शब्द मात्र निवडता येतात. ‘ते चुकीचं आहे’ न म्हणता ‘मॅडम, चार दिवसांत एक भर घालते. ते पहिल्या लॉटचे आहेत. दुसऱ्याचे पाच धरून एकूण नऊ.’ यात मॅडमचा आकडा खोटा पडत नाही, अपुरा होता एवढंच कळतं. आणि खरंही तेच आहे.

नांगर
‘भर घालते’ ऐकून मी कदाचित लक्षच दिलं नसतं. भर म्हणजे बारीकसारीक तपशील असं वाटतं. तारखा पाच दिवसांनी पुढे जाणार असतील तर ते थेट सांगायला हवं. लीडची शोभा राखायची की मला सावध करायचं, एका वाक्यात दोन्ही साधत नाही.

मधली_सुट्टी
म्हणून तर ‘एकूण नऊ’ हा शब्द शेवटी ठेवलाय, कानात राहावा म्हणून. पण मान्य, कोणी फक्त पहिला अर्धा भाग ऐकला तर चुकेल. याचं माझ्याकडे पक्कं उत्तर नाही.

उंबरठा
हात वर करायची सोय असते ना? ती कोणीच कशी सांगितली नाही? तिने मधे बोलावंही लागत नाही आणि दिसतंही.

सुतारपक्षी
चांगली आठवण केलीत. झूममध्ये `Alt+Y`, टीम्समध्ये `Ctrl+Shift+K`. हात वर केलेला माणूस यादीत वर जातो, त्यामुळे कॉल चालवणाऱ्याला दिसतो. अडचण तीच, स्लाइड दाखवणारा आणि कॉल चालवणारा एकच माणूस असेल तर त्याला हातही उशिरा दिसतो. पाऊलवाट यांच्या कॉलवर मॅडम दोन्ही करत होत्या. दुसरा कोणी कॉल चालवत असेल तर ज्युनियरसाठी हात हाच सर्वांत बरा मार्ग, तो माणूस नाव घेऊन बोलावतो. बोलून झाल्यावर हात खाली करायला विसरू नये, नाहीतर दहा मिनिटांनी पुन्हा तुमचं नाव पुकारलं जातं.

हात वर करून तीस सेकंद गेले, कोणी पाहिलं नाही आणि ‘म्हणजे’ येऊन ठेपलं, तर आवाज. त्या वेळी वाट पाहू नये.

पाऊलवाट
आज पुन्हा त्याच क्लायंटबरोबर कॉल होता, म्हणून लिहितेय.

काल संध्याकाळी मी मॅडमना थेट विचारलं, ‘मला एखादा आकडा वेगळा दिसला तर कॉलवर तुम्हाला कसं सांगू?’ मला वाटलं होतं त्या म्हणतील खाजगी मेसेज कर. त्या म्हणाल्या, ‘मेसेज मला दिसत नाही. माझं नाव घे आणि बोल. आकडा तुझ्या शीटमधला असेल तर तो तूच सांगायचास.’ मग त्यांनीच ठरवलं की स्थलांतराच्या स्लाइडला त्या थांबतील आणि मला विचारतील.

थांबल्याच नाहीत. घाईत होत्या, सरळ पुढे गेल्या. पण ती स्लाइड आली तेव्हाच मी माइक चालू करून ठेवला होता आणि चॅटची चौकट बंद केली होती. साहेब म्हणाले, ‘म्हणजे दुसरा लॉट शनिवारपासून.’ मी म्हणाले, ‘मॅडम, दुसऱ्या लॉटबद्दल,’ आणि मॅडमही त्याच क्षणी बोलल्या. दोघींचे आवाज आदळले. मी थांबले, त्याही थांबल्या, मग म्हणाल्या, ‘थांबा, आधी ती सांगू दे.’ मी सांगितलं की पहिला लॉट तपासायला एक दिवस मधे लागतो, त्यामुळे रविवार. सव्वीस सेकंद बोलले, रेकॉर्डिंगमध्ये मोजलं. साहेब ‘बरं, रविवार’ म्हणाले आणि मॅडमनी स्लाइडवरच तारीख बदलली.

नंतर अंगठा देणाऱ्या सहकाऱ्याशीही बोलले. तो म्हणाला, त्याला वाटलं होतं की तो अंगठा मॅडमना दिसेल.

एक विचारायचंय. पुढच्या आठवड्यात मी प्रवासात आहे, कॉल मोबाइलवरून घ्यावा लागेल. तिथे शॉर्टकट नाहीत, आणि शीट उघडली की झूमची खिडकी मागे जाते. शीट बघता बघता म्यूट पटकन कसं काढू?

सुतारपक्षी
मोबाइलवर शीट आणि कॉल एकत्र सांभाळायला जाऊ नका. लागणारे चार-पाच आकडे कागदावर लिहून समोर ठेवा आणि फोनवर झूमच उघडं ठेवा, म्हणजे माइकचं बटण अंगठ्याखाली राहील. स्क्रीनला एकदा हात लावला की खालची बटणं दिसतात, दुसऱ्यांदा त्यावर दाबायचं. हे दोन स्पर्श धरून लॅपटॉपपेक्षा थोडं आधी म्यूट काढा. आणि मॅडमना आधीच सांगून ठेवा की तुम्ही फोनवरून आहात, नेटवर्क गेलं तर आकडा कोण सांगणार ते ठरवून घ्या.

नांगर
आणि वायरचा हेडफोन घ्या. प्रवासातला आवाज आमच्या कानात फार घुसतो.